चार कट्ट्यांचा ओलावा आणि तीस लॉटचा अनुभव: औसा तालुक्यातील एका सोयाबीन लॉटचे प्रकरण

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लातूर जिल्ह्यातील खरेदी केंद्रांवर सोयाबीनची आवक वाढते, तेव्हा ग्रेडरसमोर दिवसभर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: समोरच्या लॉटमधला ओलावा मर्यादेच्या आत आहे की बाहेर? हमीभावाच्या खरेदीसाठी ही मर्यादा सर्वसाधारणपणे १२ टक्के असते. २०२४ च्या खरीप हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती, परंतु या प्रकरणात आपण १२ टक्केच धरू. येथील केंद्र आणि शेतकरी काल्पनिक आहेत, आणि हिशेब हाताने करता यावा म्हणून आकडेही त्या बेताने निवडले आहेत. मात्र अशा केंद्रावर जो पेच पडतो तो याच स्वरूपाचा असतो.

औसा तालुक्यातील एक शेतकरी टेम्पोतून ४० कट्टे घेऊन येतो. ग्रेडर त्यांतील चार कट्टे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडतो, प्रत्येकाच्या मधोमध नळी खुपसून दाणे काढतो आणि मॉइश्चर मीटरवर वाचन घेतो. वाचने येतात १२.९, १२.१, १३.४ आणि १२.४. त्यांची सरासरी १२.७ आहे. केवळ या चार आकड्यांकडे पाहिले तर लॉट परत पाठवावा लागेल. परंतु त्याच केंद्रावर त्याच परिसरातून गेल्या काही दिवसांत तीस लॉट आलेले आहेत, त्यांची नोंद वहीत आहे, आणि त्यांचा सरासरी ओलावा ११.० टक्के आहे. या लॉटचा खरा सरासरी ओलावा, म्हणजे चाळीसही कट्टे पूर्ण मोजले असते तर जो आकडा मिळाला असता तो, आपण θ म्हणू. θ बद्दल दोन साक्षी उपलब्ध आहेत, एक चार कट्ट्यांची आणि दुसरी तीस लॉटच्या अनुभवाची, आणि त्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत.

बेझच्या पद्धतीत अनुभवाची साक्ष पूर्व वितरण म्हणून मांडली जाते. θ चे पूर्व वितरण प्रसामान्य आहे, त्याचा मध्य m₀ आणि प्रचरण τ² आहे, असे मानू. वाचनेही प्रसामान्य आहेत, θ भोवती विखुरलेली आहेत आणि त्यांचे प्रचरण σ² आपल्याला माहीत आहे, असेही मानू. आता पूर्व वितरणाच्या घातांकात (θ − m₀)²/τ² हे पद असते आणि ȳ ही सरासरी असलेल्या n वाचनांकडून n(ȳ − θ)²/σ² हे पद येते. दोन्ही θ च्या वर्गपद्या असल्यामुळे त्यांची बेरीजही वर्गपदीच राहते, आणि म्हणूनच पश्चात वितरण, म्हणजे वाचने पाहिल्यानंतरचे θ चे वितरण, पुन्हा प्रसामान्य निघते. बेरजेत θ² चा सहगुणक १/τ² + n/σ² इतका होतो. वर्ग पूर्ण केला की मध्य असा मिळतो:

m₁ = (m₀/τ² + n·ȳ/σ²) ÷ (1/τ² + n/σ²)

छेदात जे आहे ती पश्चात वितरणाची परिशुद्धता, म्हणजे प्रचरणाचा व्यस्त. प्रचरणांची बेरीज होत नाही, परिशुद्धतांची होते, आणि प्रत्येक साक्षीला तिच्या परिशुद्धतेच्या प्रमाणात वजन मिळते. बीजगणित एवढेच आहे. या प्रकरणातला कठीण भाग सूत्रात नाही. τ आणि σ यांच्या जागी कोणते आकडे घालायचे यात तो आहे, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

प्रथम σ पाहू. वहीत प्रत्येक जुन्या लॉटची चार-चार वाचने आहेत, तेव्हा प्रत्येक लॉटमधील कट्ट्या-कट्ट्यांचा फरक काढून तीसही लॉटवर एकत्र केला असता प्रमाण विचलन १.२ मिळते. तीस लॉट आणि प्रत्येकी तीन स्वातंत्र्यमात्रा, अशा नव्वद मात्रांवर हा आकडा उभा असल्याने ‘प्रचरण माहीत आहे’ हे गृहीतक येथे बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. समोरच्या चार वाचनांचे स्वतःचे प्रमाण विचलन मात्र केवळ ०.५७ येते. ते पाहून ‘हा लॉट फार एकसारखा आहे’ असे म्हणून १.२ च्या जागी ०.५७ घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण खरे प्रमाण विचलन १.२ असतानाही चारच वाचनांत इतका कमी विखुरलेपणा साधारण आठातून एकदा दिसतो. मोह न आवरल्यास वाचनांना मिळणारे वजन ०.६४ ऐवजी ०.८९ होते आणि उत्तर १२.०९ वरून १२.५ वर जाते. ही वजने कशी निघतात ते पुढे येईलच. वही नसेल आणि σ खरोखरच या चार वाचनांतूनच काढावा लागत असेल, तर हे सूत्र बाजूला ठेवून स्टुडंटच्या टी वितरणाकडे जावे लागते.

आता τ. वहीतल्या तीस लॉटच्या सरासऱ्यांचे प्रमाण विचलन १.० आहे. हाच आकडा τ म्हणून घालणे अगदी स्वाभाविक वाटते, पण ते बरोबर नाही. वहीतली प्रत्येक सरासरी ही त्या लॉटचा खरा ओलावा नव्हे; तीही चारच कट्ट्यांवरून काढलेली आहे आणि तिच्यातही σ²/४, म्हणजे १.४४/४ = ०.३६ इतके मोजणीचे प्रचरण मिसळलेले आहे. दिसणारे प्रचरण १.०० आहे, त्यातून ०.३६ वजा केल्यावर लॉटा-लॉटांमधील खरा फरक ०.६४ उरतो, म्हणून τ = ०.८. वजाबाकी न करता १.० वापरले असते तर पूर्व वितरण उगाच रुंद झाले असते आणि उत्तर १२.२५ आले असते. हा फरक एका मर्यादेशी ताडून पाहायचा आहे, म्हणून तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आता हिशेब सरळ आहे. पूर्व परिशुद्धता १/०.६४ = १.५६ आणि चार वाचनांची परिशुद्धता ४/१.४४ = २.७८, दोन्ही मिळून ४.३४. चार वाचनांचे वजन २.७८/४.३४ = ०.६४ आणि वहीचे वजन ०.३६. त्यामुळे

m₁ = ०.३६ × ११.० + ०.६४ × १२.७ = ३.९६ + ८.१३ = १२.०९

पश्चात प्रचरण १/४.३४ = ०.२३ आणि प्रमाण विचलन ०.४८. पूर्व वितरणाचे ०.८ आणि वाचनांच्या सरासरीचे ०.६, या दोहोंपेक्षा ते लहान आहे. θ हा १२ च्या वर असण्याची संभाव्यता सुमारे ५७ टक्के. चार वाचनांवरच विसंबलो असतो तर हीच संभाव्यता ८८ टक्के वाटली असती. वजनाकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते: σ²/τ² = १.४४/०.६४ = २.२५, म्हणजे वहीतला अनुभव या लॉटमधील सव्वादोन कट्ट्यांइतका बोलतो. केंद्रावरच्या माणसाला वजनाचा अर्थ समजावायचा असेल तर टक्केवारीपेक्षा मला हा मार्ग अधिक उपयोगाचा वाटतो, कारण ‘तुमची वही सव्वादोन कट्ट्यांच्या तोलाची आहे’ या विधानावर तो हो किंवा नाही म्हणू शकतो.

आता n मोजण्यातली चूक. समजा ग्रेडरने प्रत्येक कट्ट्याच्या नमुन्यावर मीटरचे बटण पाचदा दाबले आणि वीस वाचने लिहिली; सरासरी तीच, १२.७. सूत्रात n = २० घातले तर वाचनांच्या सरासरीचे प्रचरण ०.०७२ होते, वाचनांचे वजन ०.९० होते, उत्तर १२.५३ येते आणि मर्यादा ओलांडल्याची संभाव्यता ९८ टक्क्यांवर जाते. लॉट परत पाठवण्यास एवढी खात्री कोणालाही पुरेशी वाटेल. वस्तुतः १.४४ या प्रचरणात मीटरचा स्वतःचा वाटा फार थोडा आहे. मीटरचे प्रमाण विचलन ०.३ मानले तर त्याचे प्रचरण ०.०९ आणि उरलेले १.३५ कट्ट्या-कट्ट्यांतील खऱ्या फरकाचे. पाचदा बटण दाबल्याने ०.०९ चे ०.०१८ होते, पण १.३५ तसेच राहते. म्हणून वीस वाचनांच्या सरासरीचे खरे प्रचरण (१.३५ + ०.०१८)/४ = ०.३४२ आहे, चार वाचनांचे ०.३६ होते. सोळा वेळा अधिक बटण दाबून मिळाले ते इतकेच. n म्हणजे स्वतंत्रपणे निवडलेले कट्टे. टेम्पोच्या मागच्या फळीजवळचे हाताला लागणारे चार कट्टेही स्वतंत्र ठरत नाहीत, कारण ते बहुधा राशीच्या एकाच बाजूने भरलेले असतात. ही चूक निकालावरून ओळखता येत नाही, पण वहीवरून येते: एकाच कट्ट्याची वाचने एकमेकांशी चिकटून आणि वेगवेगळ्या कट्ट्यांची दूरदूर असतील, तर प्रत्येक ओळीला स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही.

मीटरच एका दिशेला चुकत असेल तर काय, हा प्रश्न येथे थोडक्यात घेतो. धान्याचे तापमान, नमुना किती दाबून भरला आणि मीटरची जुळणी कोणत्या धान्यासाठी केली आहे, यांवर असे मीटर सरकते, आणि हे सरकणे कितीही कट्टे मोजले तरी सरासरीत विरत नाही. वहीतले तीस लॉटही त्याच मीटरने मोजलेले असतील तर दोन्ही साक्षी एकाच दिशेला चुकतात आणि भारित सरासरीला त्याचा पत्ताही लागत नाही. काही नमुने भट्टीत वाळवून वजनातील घट काढणे आणि तिच्याशी मीटर ताडून पाहणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

आता या प्रकरणाच्या गाभ्याशी येऊ. वर काढलेले पश्चात प्रमाण विचलन ०.४८ हे τ, σ आणि n यांवरूनच निघाले. त्यात ȳ कुठेही नाही. वाचनांची सरासरी ११.१ आली असती तरी ते ०.४८ असते आणि १६ आली असती तरी ०.४८ च. दोन साक्षी एकमेकींना दुजोरा देत आहेत की एकमेकींना खोटे पाडत आहेत, याने उत्तराच्या खात्रीत काडीचाही फरक पडत नाही. प्रसामान्य पूर्व वितरण आणि माहीत प्रचरण या जोडीचा हा सर्वांत गैरसोयीचा गुण आहे, आणि सूत्र वापरणाऱ्याच्या तो सहसा लक्षात येत नाही, कारण उत्तर प्रत्येक वेळी तितकेच नीटनेटके दिसते. तेव्हा साक्षींचा मेळ वेगळा तपासावा लागतो. पूर्व वितरण खरे असेल तर चार कट्ट्यांची सरासरी ११.० भोवती √(०.६४ + ०.३६) = १.० एवढ्या प्रमाण विचलनाने विखुरलेली असायला हवी. आपली सरासरी १.७ प्रमाण विचलने दूर आहे. एवढे अंतर कोणत्या ना कोणत्या बाजूला शंभरांतून सुमारे नऊ वेळा योगायोगानेही पडते, म्हणून वही टाकून देण्याइतका हा पुरावा नाही. पण एक प्रश्न विचारण्याइतका नक्कीच आहे.

“काका, काढणी पावसाच्या आधीची की नंतरची?” ग्रेडरने विचारले.

“काढणी आधीचीच हो. पण बनीम शेतातच होती. ताडपत्री टाकली होती, तरी बाजूनं पाणी गेलंच थोडं.”

या उत्तराने पूर्व वितरणाचा पायाच बदलतो. वहीतले तीसही लॉट परतीच्या पावसाआधी मळणी होऊन घरात गेलेले होते. हा लॉट त्यांच्या जातीचा नाही. ज्या लॉटांच्या बनिमी, म्हणजे कापलेल्या पिकाच्या गंजी, पावसात सापडल्या त्यांच्या जातीचा आहे. अशा लॉटांच्या केंद्रावरच्या मागील हंगामातील नोंदींवरून, मोजणीचे प्रचरण वजा करून, मध्य १२.४ आणि τ = १.२ मिळतो असे धरू. पावसात सापडलेल्या मालात कुठे ताडपत्री नीट होती, कुठे नव्हती, कुठे नंतर दोन दिवस ऊन मिळाले, त्यामुळे लॉटा-लॉटांतील फरक अधिक असणे स्वाभाविकच आहे. आता τ² = १.४४, म्हणजे σ² इतकेच, आणि अनुभव केवळ एका कट्ट्याच्या तोलाचा उरतो. वाचनांचे वजन ४/५ = ०.८० होते:

m₁ = ०.२० × १२.४ + ०.८० × १२.७ = १२.६४

प्रमाण विचलन ०.५४ आणि मर्यादा ओलांडल्याची संभाव्यता ८८ टक्के. अधिक माहिती मिळाल्यावर अनिश्चितता ०.४८ वरून ०.५४ वर गेली, हे वरवर विचित्र वाटेल. परंतु आधीची ०.४८ ही चुकीच्या गटाकडून उसनी आणलेली खात्री होती.

येथे एक धोका आहे, आणि तो गणिताचा नाही. वाचन पाहिल्यावर पूर्व वितरण बदलण्याची मुभा एकदा दिली की हवा तो निकाल आणणे अवघड राहत नाही. ग्रेडरला लॉट परत पाठवायचा असेल तर तो पावसाची चौकशी करील, घ्यायचा असेल तर करणार नाही. म्हणून काढणी, बनीम आणि मळणी यांची माहिती मीटर हाती घेण्यापूर्वीच पावतीवर लिहिली गेली पाहिजे आणि कोणत्या माहितीला कोणते पूर्व वितरण हे हंगामाच्या सुरुवातीलाच ठरलेले असले पाहिजे. या प्रकरणात प्रश्न नंतर विचारला गेला, कारण मेळ तपासल्याशिवाय तो सुचलाच नव्हता. एखाद्या लॉटपुरते हे चालून जाईल. पुढच्या लॉटपासून तो प्रश्न पावतीवर छापलेला असावा.

दुसरी गोष्ट न्यायाची. पहिल्या हिशेबात शेजाऱ्यांच्या कोरड्या मालाने या शेतकऱ्याचा आकडा खाली ओढला, दुसऱ्यात इतरांच्या भिजलेल्या मालाने तो फारसा हलला नाही. पण ओढ नेहमी असतेच. पहिल्या पूर्व वितरणाखाली खरोखर १४ टक्के ओलावा असलेल्या लॉटचा पश्चात मध्य सरासरीने ०.३६ × ११ + ०.६४ × १४ = १२.९२ येईल, म्हणजे एक टक्क्याहून अधिक कमी. आणि खरोखर १० टक्क्यांचा लॉट १०.३६ दिसेल. अनेक लॉट मिळून पाहिले तर ही पद्धत निव्वळ सरासरीपेक्षा कमी चुकते, परंतु ज्याचा लॉट इतरांपेक्षा वेगळा आहे त्याला त्या एकंदर फायद्याचे काही मिळत नाही. माझ्या मते भाव किंवा कपात ठरवताना शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालाची वाचनेच धरावीत. आणखी किती कट्टे उघडायचे, हे ठरवण्यासाठी मात्र पश्चात वितरण वापरावे. तिथे त्याचा उपयोग निर्विवाद आहे.

केंद्रावरही तसेच झाले. ५७ आणि ८८ या दोन संभाव्यतांमध्ये निर्णय अडकला असता वाद घालण्यापेक्षा आणखी पाच कट्टे उघडणे सोपे होते. वाचने आली ११.६, १२.८, १२.०, १२.९ आणि ११.७, पाचांची सरासरी १२.२, नवांची १२.४२. आता σ²/n = १.४४/९ = ०.१६. पावसाआधीच्या पूर्व वितरणाने उत्तर ०.२ × ११.० + ०.८ × १२.४२ = १२.१४ येते आणि पावसानंतरच्या पूर्व वितरणाने ०.१ × १२.४ + ०.९ × १२.४२ = १२.४२. चार कट्ट्यांवर दोन्ही उत्तरांत ०.५५ चे अंतर होते, नऊ कट्ट्यांवर ते ०.२८ उरले. नऊ वाचने एकदम घातली काय किंवा चार वाचनांनंतरचे पश्चात वितरण हेच पाच वाचनांचे पूर्व वितरण मानले काय, उत्तर एकच येते; कोणाला पडताळायचे असेल तर पहिल्या पूर्व वितरणासाठी (४.३४ × १२.०९ + ३.४७ × १२.२) ÷ ७.८१ करून पाहावे. चाळीस कट्ट्यांतून नऊ निवडले म्हणून कट्ट्या-कट्ट्यांमधील प्रचरणाला ३१/४० ने गुणण्याची सुधारणा खरे तर लागू होते. ती येथे केलेली नाही, त्यामुळे दाखवलेली अनिश्चितता किंचित जास्तच आहे.

पावसानंतरचे पूर्व वितरण धरून मर्यादा ओलांडल्याची संभाव्यता सुमारे ८७ टक्के राहिली. लॉट परत न पाठवता केंद्राच्याच ओट्यावर पसरून वाळवायचा असे ठरले. वाळल्यानंतर पुन्हा मोजताना θ बदललेला असतो, म्हणून १२.४२ आणि ०.३८ हे पश्चात वितरण जसेच्या तसे पुढचे पूर्व वितरण म्हणून वापरता येत नाही. एका उन्हात ओलावा साधारण १.० ने उतरेल आणि त्या अंदाजाचे प्रमाण विचलन ०.५ आहे असे धरले, तर नवा मध्य ११.४२ होतो, आणि येथे प्रचरणांचीच बेरीज होते: ०.१४४ + ०.२५ = ०.३९४. चार कट्टे पुन्हा मोजले तर त्यांचे वजन ०.३९४/(०.३९४ + ०.३६), म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक येईल. मात्र ओट्यावर चाळीसही कट्ट्यांचा माल एकत्र होऊन फावड्याने उलटापालटा झालेला असल्यामुळे कट्ट्या-कट्ट्यांमधील फरक पूर्वीइतका राहत नाही, १.२ हा σ आता या मालाचा नाही, आणि पुन्हा कट्टे भरल्यावर तो वहीतून न उचलता वाळवून भरलेल्या लॉटांच्या नोंदींवरून वेगळा काढावा लागतो.